‘4:40 ला बंद केली’ : माहिती फुटल्यावर ग्राहकांना नेमकं काय लिहायचं

दिवाळीचा फराळ घरपोच पाठवणारं पुण्यातलं एक छोटं ऑनलाइन दुकान डोळ्यांसमोर आणा. दुकान आणि त्यातली माणसं मी कल्पून घेतली आहेत, पण त्यांच्या हातून ज्या चुका झाल्या त्या अशा प्रसंगी हमखास होतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी 3 ऑक्टोबर 2025 ला, कुरियरवाल्यांना पत्त्यांची लेबलं छापायला ऑर्डरींची यादी हवी होती. रोज मेल कोण करत बसणार, म्हणून एकाने ती यादी क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये टाकली आणि कुरियरवाल्यांना लिंक उघडेना म्हणून फोल्डर ‘पब्लिक’ करून टाकला. मंगळवारी सकाळी एका ग्राहक बाईंचा मेल आला, की तुमची यादी पासवर्ड न विचारताच उघडते आहे. त्यानंतर ऑफिसच्या गटावर जे सुरू झालं ते असं:

> 9:42 – अरे ती लेबलवाली फाइल बाहेरून उघडतेय, कोणीही बघू शकतं!!
> 9:44 – लिंक कोणाला माहीत असणार? कोणी बघितली नसेल
> 9:51 – 42 हजार कस्टमर आहेत त्यात
> 9:53 – फक्त नाव-पत्ता आहे. कार्ड, पासवर्ड काही नाही
> 10:12 – बंद केली. 4:40 ला
> 10:30 – लॉग बघितला. 3 डाउनलोड. एक कुरियरचं, एक मेल करणाऱ्या बाईंचं. तिसरं कोण कळत नाही, रविवार 19:05
> 10:33 – म्हणजे गैरवापराचा पुरावा नाही. तसंच टाकू
> 10:41 – कुरियरच्या सिस्टीममुळे झालं म्हणता येईल का
> 10:42 – दिवाळी होऊ दे, मग सांगू. आत्ता सांगितलं तर ऑर्डरी कॅन्सल होतील

दुपारी कस्टमर केअरमधल्या कोणाला तरी सांगितलं जातं, ‘यातून ग्राहकांना पाठवायचं काहीतरी बनव.’ आणि बहुतेक वेळा जे बनतं ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं आहे. ‘आपल्या माहितीची सुरक्षितता ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे. अलीकडे काही तांत्रिक कारणास्तव मर्यादित स्वरूपाची माहिती…’ हे वाचून कोथरूडमधल्या काकूंना त्यांचा मोबाइल नंबर गेला की नाही हे कळत नाही, आणि गेला असला तर आता काय करायचं तेही कळत नाही.

वरच्या गप्पांपासून कामाच्या सूचनेपर्यंत यायचं तर लिहायला बसण्याआधी एक कंटाळवाणं काम करावं लागतं. गटावरचं प्रत्येक वाक्य कागदावर उतरवायचं आणि त्याच्यापुढे लिहायचं, की हे कोणी, कशात बघून म्हटलं. ‘फोल्डर बंद केला’ हे बंद करणाऱ्याने स्वतः केलेलं आहे. ‘कोणी बघितली नसेल’ ही आशा आहे. ‘42 हजार’ हा फाइल उघडल्यावर खाली दिसलेला आकडा आहे. ‘दिवाळी होऊ दे’ हा निर्णय आहे, माहिती नव्हे. आशा आणि निर्णय बाजूला काढले, की हातात चार-पाच वाक्यं उरतात आणि त्यांतलं जवळपास प्रत्येक वाक्य तपासल्यावर बदलतं.

वेळेपासून सुरुवात करू, कारण तिथे फसायला सगळ्यात सोपं असतं. ‘4:40 ला बंद केली’ हा मेसेज आला 10:12 ला. मग 4:40 कधीचे? पहाटेचे असूच शकत नाहीत, तेव्हा कोणाला काही ठाऊकच नव्हतं. क्लाउडची यंत्रणा बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत वेळ दाखवते आणि आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. म्हणजे फोल्डर बंद झाला सकाळी 10:10 ला. लिहिणाऱ्याने न विचारता ‘दुपारी 4:40 वाजता’ असं छापलं असतं, तर फाइल प्रत्यक्षापेक्षा साडेसहा तास जास्त उघडी होती असा कबुलीजबाब दिला गेला असता. उलट बाजूनेही चुकता येतं. लॉगमधली ती तिसरी नोंद, अनावश्यक भाग गाळून, अशी होती:

```
[05/Oct/2025:19:05:12 +0000] 203.0.113.45 - REST.GET.OBJECT orders.csv 200 6815744 6815744
```

`+0000` म्हणजे यूटीसी. त्यात साडेपाच तास मिळवले की तारीखच उलटते: रविवार संध्याकाळ नव्हे, तर सोमवारी 6 ऑक्टोबरला रात्री 12:35. त्यापुढचा आकडा मागणाऱ्याचा आयपी पत्ता. नंतरची ‘-’ ही खूण म्हणजे मागणाऱ्याने लॉगिन केलेलं नव्हतं. `200` म्हणजे मागितलेलं दिलं गेलं. शेवटचे दोन आकडे महत्त्वाचे आहेत: किती बाइट पाठवले आणि फाइल मुळात किती बाइटची होती. दोन्ही सारखेच, म्हणजे अख्खी यादी गेली. पहिला आकडा लहान असता, तर डाउनलोड अर्धवट सुटलं असं म्हणता आलं असतं. ही एक ओळ नीट वाचली, की ‘माहिती पाहिली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ अशा गोलमाल वाक्याची गरज उरत नाही. आम्हाला ओळखता न आलेल्या कोणीतरी पूर्ण फाइल उतरवून घेतली, एवढं सरळ लिहिता येतं.

मग ‘गैरवापराचा पुरावा नाही’ या वाक्याचं काय? माझ्या मते सूचनांमधलं हे सगळ्यात लबाड वाक्य आहे, आणि लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा त्याची कल्पनाही नसते. पुरावा नाही असं म्हणायचा हक्क कधी मिळतो? जिथे पुरावा सापडला असता तिथे शोधलं असेल तर. अनेक साठवणूक सेवांत कोणी फाइल उघडली याची नोंद आपोआप होत नाही, ती सोय सुरू करावी लागते. इथे ‘लॉग कधीपासून आहे?’ असं विचारल्यावर उत्तर आलं, रविवारी सकाळी 11 पासून. बिल का वाढलं हे पाहायला कोणीतरी तो सुरू केला होता. फोल्डर मात्र शुक्रवारी संध्याकाळी 7:20 पासून उघडा होता. म्हणजे पहिल्या जवळपास 40 तासांत काय झालं हे कोणालाच ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. ‘3 डाउनलोड’ हे खरं तर ‘नोंद असलेल्या काळात 3 डाउनलोड’ आहे. हे सूचनेत सांगायला जीव कचरतो हे मान्य. पण ते गाळलं, तर उरलेल्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा असूनही वाचणाऱ्याची समजूत खोटी होते.

आकड्याकडे वळू. 42 हजार हा फाइलमधल्या ओळींचा आकडा होता, नेमका 41,862. एका ऑर्डरीत चकली, अनारसे आणि करंज्या असतील तर त्या ऑर्डरीच्या तीन ओळी होतात. शिवाय तोच माणूस गणपतीतही मोदक मागवून गेलेला असतो. मोबाइल नंबरांवरून एकेक माणूस मोजल्यावर खरेदी करणारे निघाले 9,214. इथे बरेच जण ‘चला, आकडा लहान झाला’ म्हणून खूश होतात आणि मोजणं थांबवतात. पण फराळ बऱ्याचदा दुसऱ्यालाच पाठवलेला असतो. पैसे भरणारी मुलगी बंगळुरूला आणि डबा जातो साताऱ्याला आईकडे. आईचं नाव, पत्ता, मोबाइल, सगळं त्या यादीत आहे, आणि तिने या दुकानाचं नावही ऐकलेलं नाही. खरेदी न करता फक्त डबा घेणारी अशी 3,105 माणसं निघाली. एकूण 12,319. सूचनेत ‘ग्राहक’ असा शब्द वापरला आणि ग्राहकांच्याच यादीला मेल गेला, तर ही तीन हजार माणसं सुटतात. आणि ‘तुमचं पार्सल अडकलंय’ असा फसवा फोन आलाच, तर तो खरा वाटण्याची भीती त्यांच्याच बाबतीत जास्त, कारण ती खरोखरच पार्सलची वाट पाहत असतात.

आता ‘फक्त नाव-पत्ता’. हे म्हणणाऱ्याने फाइलचे पहिले तीन-चार रकाने पाहिले होते. उजवीकडे सरकत गेलं की मोबाइल, ईमेल, काय मागवलं, किती रुपयांचं, पैसे कसे भरले हेही होतं. कार्डाचे शेवटचे चार आकडे होते. पूर्ण नंबर नव्हता आणि असूही शकत नव्हता, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. पासवर्ड खरंच नव्हते, ते वेगळ्या ठिकाणी असतात. आणि अगदी शेवटी एक रकाना होता, ‘डिलिव्हरीसाठी सूचना’. तो बहुतेक ओळींत रिकामा म्हणून कोणी उघडून पाहिलाच नव्हता. भरलेल्या ओळी वाचायला घेतल्यावर हे दिसलं:

> ‘गेटचा कोड 2468, बेल चालत नाही’
> ‘आई घरी एकटीच असते, 4 नंतर या’
> ‘आम्ही 18 ते 25 गावी, शेजारी द्या’

पत्ता फुटणं वेगळं, आणि पत्त्यासोबत घर कधी रिकामं असेल हे फुटणं वेगळं. मोकळ्या मजकुराचा रकाना असला की त्यात लोक काय लिहितील याचा नेम नसतो, म्हणून तो एका माणसाने बसून वाचावाच लागतो. इथे तो 1,480 ओळींत भरलेला होता. दोन जणांचं दुपारभराचं काम. ‘बेल वाजवा’, ‘हळू ठेवा, काच आहे’ असलं निरुपद्रवी वजा केल्यावर गेटचे कोड, एकटी राहणारी माणसं आणि बाहेरगावी जाण्याच्या तारखा लिहिलेली 212 घरं उरली. त्यांना सगळ्यांबरोबरचा मेसेज पुरत नाही. त्यांना फोन करायचा.

कुरियरवाल्यांवर ढकलण्याचा प्रश्न निकालात काढायला फार वेळ लागत नाही. फोल्डर कोणी उघडा केला? आम्ही. मग तसंच लिहायचं. ज्याच्या हातून झालं त्या मुलाचं नाव मात्र सूचनेत येत नाही. वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

राहिला ‘दिवाळीनंतर सांगू’. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार अशी गळती लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवावी लागते. इथे घड्याळ सुरू झालं 9:42 ला, म्हणजे मुदत दुपारी 3:42 पर्यंत. ज्यांची माहिती गेली त्यांना कळवण्याची सक्ती 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि हा भाग त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायचा आहे. पण सूचनेत काय असावं हे त्यात इतकं सरळ सांगितलं आहे, की आजही तो आराखडा म्हणून वापरावा: काय, किती आणि कधी झालं, त्याचे माझ्यावर काय परिणाम होऊ शकतात, तुम्ही काय केलंत, मी काय करू, आणि विचारायचं कोणाला. उशीर न करता आणि सोप्या भाषेत, हेही त्यातच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी इथे तारखेचाच प्रश्न होता. फसवणुकीचे फोन येणार ते दिवाळीच्या आधी, पार्सलं वाटेत असताना. लक्ष्मीपूजन 21 तारखेला. सूचना 25 ला पाठवली तर ती कशापासून वाचवणार?

मंगळवारी संध्याकाळपर्यंत तयार झालेला मजकूर असा:

> तुमचा पत्ता आणि मोबाइल नंबर आमच्याकडून उघडा पडला आहे
>
> नमस्कार. आमच्या चुकीमुळे तुमची काही माहिती साडेतीन दिवसांहून जास्त काळ इंटरनेटवर कोणालाही पाहता येईल अशी राहिली. त्याबद्दल आम्ही माफी मागतो.
>
> काय झालं: पार्सलची लेबलं छापण्यासाठी केलेली यादी आम्ही ज्या ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवली, त्याला कुलूपच नव्हतं. शुक्रवार 3 ऑक्टोबर संध्याकाळी 7:20 ते मंगळवार 7 ऑक्टोबर सकाळी 10:10 या काळात ती लिंक माहीत असलेल्या किंवा सापडलेल्या कोणालाही उघडता येत होती.
>
> यादीत काय होतं: तुमचं नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल, ईमेल दिला असल्यास तो, काय मागवलं आणि किती रुपयांचं, पैसे कसे भरले, कार्डाने भरले असल्यास कार्डाचे शेवटचे चार आकडे, आणि डिलिव्हरीसाठी लिहिलेली सूचना. कोणी तुमच्यासाठी फराळ मागवला असेल, तर तुमचं नाव, पत्ता आणि मोबाइल.
>
> काय नव्हतं: पासवर्ड, कार्डाचा पूर्ण नंबर, यूपीआय पिन, बँक खात्याचा नंबर. यातलं काही त्या यादीत नव्हतं.
>
> कोणी पाहिली: सोमवारी 6 ऑक्टोबरला, म्हणजे रविवारच्या मध्यरात्रीनंतर 12:35 वाजता, आम्हाला ओळखता न आलेल्या कोणीतरी पूर्ण यादी उतरवून घेतली आहे. रविवारी सकाळी 11 च्या आधीची नोंद आमच्याकडे नाही, त्यामुळे त्यापूर्वी आणखी कोणी ती घेतली का, हे आम्ही सांगू शकत नाही.
>
> काय होऊ शकतं: तुम्ही काय मागवलंय हे माहीत असलेला माणूस कुरियरवाला म्हणून फोन किंवा मेसेज करू शकतो. ‘पत्ता चुकलाय, 5 रुपये भरा’, ‘ओटीपी सांगा’, ‘ही लिंक उघडा’ असं म्हणू शकतो. तुमची ऑर्डर त्याला बरोबर सांगता आली म्हणून तो आमचा माणूस आहे असं समजू नका.
>
> तुम्ही काय करा: पार्सलसाठी फोनवर कोणी पैसे, ओटीपी किंवा पिन मागितला तर फोन ठेवा. ज्यांनी आधी पैसे भरले आहेत त्यांच्याकडून दारात काहीही घेतलं जाणार नाही. गेटचा कोड आम्हाला लिहून दिला असेल तर तो आजच बदला. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि बँकेलाही कळवा.
>
> आम्ही काय केलं: फोल्डर बंद केला, यादी तिथून काढली, सर्ट-इनला कळवलं. यापुढे कुरियरला फक्त त्या दिवसाचे पत्ते, लॉगिन करूनच मिळतील. ज्यांच्या सूचनेत गेटचा कोड किंवा घरी कोण असतं असं काही होतं त्यांना आम्ही उद्या संध्याकाळपर्यंत फोन करू. त्या फोनवर आम्ही तुम्हाला काहीही विचारणार नाही, फक्त सांगू.
>
> या मेसेजमध्ये मुद्दाम एकही आमची लिंक नाही. विचारायचं असेल तर पार्सलच्या डब्यावर छापलेल्या नंबरवर फोन करा. मंगळवारी 14 ऑक्टोबरला, नवं काही कळलं असो वा नसो, पुन्हा लिहू.

यावर ऑफिसात वाद झाला तो दोन ठिकाणी. मालकांना शीर्षक टोचलं. ‘महत्त्वाची सूचना’ असं द्या म्हणाले. पण त्या नावाचे मेसेज लोक न वाचता पुसतात, आणि ज्याने फक्त पहिली ओळ वाचली त्यालाही आपलं काय गेलं हे कळायला हवं. दुसरा वाद ‘पासवर्ड बदला’ हे घालायचं की नाही यावर. घातलं तर काय बिघडतं, असं वाटतं खरं. बिघडतं असं, की पासवर्ड गेलेलेच नाहीत, आणि माणूस पासवर्ड बदलून ‘झालं आपलं काम’ म्हणत निर्धास्त होतो. तो फसणार आहे फोनवर. जे फुटलं त्याच्याशी जोडलेला सल्लाच द्यायचा, मग तो दोन-तीन ओळींचा का असेना.

लिंक न देण्यामागचं कारणही तेच. अशी बातमी पसरली की दोन दिवसांत खोट्या सूचना फिरू लागतात, ‘तुमची माहिती लीक झाली का, इथे तपासा’. आपल्या खऱ्या सूचनेतच लिंक दाबायची सवय लावली, तर खोटी कशी ओळखणार? डब्यावरचा नंबर लोकांच्या हातात आधीपासून आहे, आणि मेसेज नकली असला तरी तो नंबर काही बदलत नाही. ज्यांच्या घरी डबा अजून पोचलेलाच नाही त्यांचं काय, हे कस्टमर केअरमधल्या मुलीने विचारलं तेव्हा सगळे गप्प झाले. त्यांच्या मजकुरात ‘ज्यांनी तुम्हाला फराळ पाठवला त्यांना आधी विचारा’ असं वाढवलं आणि पाठवणाऱ्याचं पहिलं नाव घातलं. साताऱ्याच्या आईला अनोळखी दुकानापेक्षा ‘अमृताने तुमच्यासाठी मागवलेला फराळ’ ही ओळ ओळखीची वाटते.

बुधवारी डब्यावरच्या नंबरवर फोन सुरू झाले आणि पहिल्या तासातच मजकुरातली एक उणीव कळली. लोक विचारत होते, ‘माझ्या डिलिव्हरीच्या सूचनेत मी काय लिहिलं होतं?’ कोणालाच आठवत नव्हतं. फोन घेणाऱ्यांपुढे तो रकाना उघडा ठेवला, पण वाचून दाखवण्याआधी ऑर्डर नंबर विचारायचा नाही असं ठरलं, कारण ऑर्डरींचा सगळा तपशील त्या यादीतच होता आणि यादी ज्याच्याकडे आहे त्याला तो पाठ असणार. त्याऐवजी फोन ठेवून नोंदवलेल्या नंबरवर आपणहून उलट फोन करायचा आणि मग वाचायचं. चौदा तारखेच्या दुसऱ्या सूचनेत पहिलं वाक्य हेच गेलं: तुम्ही काय लिहिलं होतं ते जाणून घ्यायचं असेल तर एक मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करू. त्याखाली: तिसरं डाउनलोड कोणाचं, हे अजून कळलेलं नाही.